फोटोत डोक्यावर जागा वाढवायची? नुसती पट्टी ताणून भागत नाही

“मागे साधा राखाडी पडदा असेल तर डोक्यावरची पट्टी निवडून वर ताणायची, झालं काम. बरोबर ना?”

अर्धंच बरोबर. पडद्याचा रंग आणि उजेडाचा उतार ताणल्यावर बऱ्यापैकी टिकतो, टिकत नाही तो फोटोतला दाणा, म्हणजे त्यातले बारीक ठिपके. समजा, केसांच्या वर ५० पिक्सेल मोकळे आहेत आणि आणखी ४०० हवेत. म्हणजे ५० ची पट्टी ४५० ची, नऊपट. प्रत्येक दाणाही नऊपट लांब होतो आणि डोक्यावर उभ्या रेघा उमटतात. पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल इतका लहान करून पाहिलात तर त्या दिसणारच नाहीत. १०० टक्क्यांवर बघा.

फोटोशॉपमध्ये पट्टी वेगळ्या लेयरवर घ्या, ताणा, मग Gaussian Blur ने रेघा पुसा. आता तो भाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसेल. त्यावर Add Noise द्या, Monochromatic ठेवून, शेजारच्या मूळ पडद्याशी जुळेपर्यंत. लेयरच्या खालच्या कडेला मऊ मास्क लावला की सांधा लपतो.

केसच कापले गेले असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही, केसांचेही पट्टे ओढले जातात. तेव्हा त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फोटोतून टाळू आणावी लागते. पण सगळ्यात आधी मूळ फाइल उघडा. रॉ फाइलवर केलेला क्रॉप नेहमी मागे घेता येतो, आणि पुष्कळदा हवी ती जागा तिथे असतेच.