सरासरी उणे दोन, तरी बर्फ वितळला

कडाक्याच्या हिवाळ्यातला एक आठवडा घेऊ. सोमवार ते रविवार, रोजचं सरासरी तापमान अंश सेल्सिअसमध्ये असं: उणे ६, उणे ४, ०, ३, २, उणे १, उणे ८. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे मी बेतलेले आहेत, पण थंड प्रदेशात असा आठवडा काही नवलाचा नाही.

सरासरी काढायची तर शून्याखालचे आणि शून्यावरचे आकडे वेगवेगळे मिळवणं सगळ्यात सोयीचं. शून्याखालचे ६, ४, १ आणि ८ मिळून १९. शून्यावरचे ३ आणि २ मिळून ५. पाचातून एकोणीस गेले, उरले उणे १४. दिवस सात, म्हणून सरासरी उणे २ अंश.

इथे हात दोन ठिकाणी घसरतो. गुरुवारच्या आधीचा बुधवार शून्य अंशांचा आहे. ‘त्यात मिळवायचं काय?’ असं म्हणून तो सोडून दिला आणि सहाने भागलं, तर उत्तर उणे २.३ येतं. बेरजेत शून्याने फरक पडत नाही, पण तो दिवस होऊन गेलेला आहे, त्यामुळे भाजकात त्याची जागा राहतेच. दुसरी घसरण चिन्हाची. उणे चिन्हं गळली की बेरीज २४ होते आणि सरासरी अधिक ३.४. म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात उबदार दिवसापेक्षाही वरची! सरासरी नेहमी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्याच्या मध्येच पडते, तेव्हा असं उत्तर बघताक्षणी खटकायला हवं.

उणे चिन्हांचा गोंधळ नको असेल तर एक सरळ युक्ती आहे. प्रत्येक आकड्यात १० मिळवा: ४, ६, १०, १३, १२, ९, २. बेरीज ५६, सरासरी ८. आता ते मिळवलेले १० परत काढा, उणे २ हातात येतं.

ही युक्ती चालते याचाच अर्थ असा, की सरासरीपुढचं उणे चिन्ह आपण शून्य कुठे मांडलं त्यावर ठरतं. हाच आठवडा फॅरनहाइटमध्ये लिहिला तर आकडे २१.२, २४.८, ३२, ३७.४, ३५.६, ३०.२ आणि १७.६ होतात. एकही उणे नाही. सरासरी २८.४, आणि २८.४ अंश फॅरनहाइट म्हणजे बरोबर उणे २ अंश सेल्सिअस. केल्विनमध्ये तीच २७१.१५. गंमत म्हणजे अँडर्स सेल्सिअसने १७४२ साली मांडलेली मूळ मोजपट्टी उलटी होती. पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १००. त्या पट्टीवर आपल्या आठवड्याची सरासरी १०२ भरली असती. पट्टी सरळ झाली ती सेल्सिअसच्या मृत्यूनंतर.

म्हणूनच ‘उणे ४ म्हणजे उणे २ पेक्षा दुप्पट थंडी’ हे बोलणं पोकळ आहे. तेच दोन आकडे फॅरनहाइटमध्ये २४.८ आणि २८.४ होतात, मग दुप्पट कुठे गेली? सरासरी उणे २ वरून उणे १ वर आली तर ‘थंडी ५० टक्क्यांनी घटली’ हेही तसलंच. एक अंशाने तापमान वाढलं, एवढंच खरं. दोन तापमानांतला फरक पक्का असतो, त्यांचं गुणोत्तर मात्र शून्य हलवलं की बदलतं.

पण पाण्यापुरतं पाहिलं तर सेल्सिअसचं शून्य मनाला येईल तिथे ठेवलेलं नाही. तिथे बर्फ वितळतो. त्यामुळे ‘सरासरी उणे २’ ऐकलं की मनात आपोआप चित्र उभं राहतं: आठवडाभर सगळं गोठलेलं असणार. सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच.

दुसरा एक आठवडा कल्पून पाहा. सातही दिवस तापमान उणे २. सरासरी तीच. पण या आठवड्यात बर्फाचा थेंबही झाला नाही, आणि आपल्या पहिल्या आठवड्यात गुरुवार-शुक्रवारी छपरांवरून पाणी गळत होतं. सरासरीने दोन्ही आठवडे एका पारड्यात टाकले, कारण रविवारच्या उणे ८ ने गुरुवार-शुक्रवारची ऊब हिशेबात बुडवली. प्रत्यक्षात मात्र रविवारच्या थंडीला गुरुवारी वितळलेलं पाणी मागे जाऊन थांबवता येत नाही. फार तर तिथेच साचून राहिलेलं पाणी ती पुन्हा गोठवेल, पण मऊ हिम म्हणून नाही, काचेसारखा कडक थर म्हणून.

हिमनद्यांचा आणि बर्फाचा अभ्यास करणारे यामुळे सरासरीआधीच्या पायरीवरच थांबतात. शून्यावरचे आणि शून्याखालचे आकडे ते वेगवेगळे मिळवतात आणि एकमेकांतून वजा करत नाहीत. या मापाला अंश-दिवस म्हणतात. एक दिवस तापमान शून्याच्या एक अंश वर राहिलं तर वितळण्याचा एक अंश-दिवस. आपल्या आठवड्यात वितळण्याचे ५ आणि गोठण्याचे १९ अंश-दिवस आहेत. सगळे दिवस उणे २ असलेल्या आठवड्यात वितळण्याचे शून्य आणि गोठण्याचे १४. पाचातून एकोणीस वजा केले की उणे १४ येतात, म्हणजे सरासरीचा आकडा याच दोन बेरजांतून निघतो. फक्त तो निघताना त्या दोन बेरजा कायमच्या हरवतात.

त्यांचा उपयोग असा. साचलेल्या हिमातून एका अंश-दिवसाला साधारण ३ ते ५ मिलिमीटर पाणी सुटतं, असा ढोबळ हिशेब धरला जातो. आपल्या आठवड्याला म्हणजे १५ ते २५ मिलिमीटर. चांगल्या पावसाच्या सरीइतकं पाणी, आणि तेही सरासरी उणे २ असलेल्या आठवड्यात. हा हिशेब काटेकोर नाही, हेही सांगायला हवं. ऊन किती पडलं, हिम ताजं पांढरंशुभ्र होतं की मळलेलं, यावर तो बदलतो. शिवाय आतून फार थंड असलेलं हिम आधी शून्यापर्यंत तापावं लागतं, आणि वर सुटलेलं पाणी आत मुरून परत गोठू शकतं. हिम किती पांढरं आहे आणि आत किती गार आहे, हे नुसतं हवेचं तापमान सांगत नाही.

हीच फसगत दिवसाच्या सरासरीतही दडलेली असते. अनेक ठिकाणी दिवसाचं सरासरी तापमान म्हणजे कमाल आणि किमान यांचा मध्य. समजा शनिवारी कमाल ५ आणि किमान उणे ७ होतं. दोन्हींची बेरीज उणे २, मध्य उणे १. (फरक मात्र १२ अंशांचा, २ चा नव्हे. घाईत सातातून पाच वजा करणारे खूप भेटतात.) नोंदवहीत उणे १ लिहिलं जाईल आणि अंश-दिवसांच्या हिशेबात हा दिवस गोठण्याचा ठरेल. प्रत्यक्षात दुपारी पाणी खडकाच्या भेगांत, रस्त्याच्या तड्यांत उतरलं आणि रात्री तिथेच गोठलं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून रस्ते उखडतात ते बहुधा अशा दिवसांनी, सलग गोठलेल्या महिन्याने तितके नाही. रस्त्यांची काळजी असणाऱ्याने सरासरी बाजूला ठेवून तापमानाने शून्य किती वेळा ओलांडलं तेच मोजावं, असं माझं मत.

काळ लांबवला की हे अंतर आणखी वाढतं. सायबेरियातल्या याकुत्स्कची वार्षिक सरासरी शून्याच्या बरीच खाली आहे. पण जानेवारीची सरासरी उणे ३८ च्या आसपास असते आणि जुलैची अधिक १९ च्या आसपास. वार्षिक उणे आकडा तिथे एक गोष्ट नक्की सुचवतो: खोलवरची जमीन बारमाही गोठलेली असणार, कारण काही मीटर खाली ऋतूंचे चढउतार विरून जातात आणि उरते ती जवळपास सरासरीच. पण वरचा थर दर उन्हाळ्यात सुटतो, चिखल होतो, त्यात गवत उगवतं. एकच आकडा खालच्या जमिनीबद्दल बरंच खरं बोलतो आणि वरच्या थराबद्दल काहीच सांगत नाही.

उणे सरासरीचा अर्थ लावण्याआधी ती मुळात खरी आहे ना, हेही पाहावं लागतं. जुन्या नोंदींमध्ये, मोजमाप झालं नाही त्या दिवशी, -९९.९ असा सांकेतिक आकडा भरण्याची पद्धत आहे. तीस दिवसांच्या महिन्यात २९ दिवस सरासरी ३ अंश असेल आणि एका दिवशी हा संकेत राहून गेला असेल, तर बेरीज ८७ वजा ९९.९, म्हणजे उणे १२.९, आणि महिन्याची सरासरी उणे ०.४. आकडा इतका साळसूद दिसतो की शंकाच येत नाही. सरासरीबरोबर सगळ्यात लहान आकडाही बघितला की चोर सापडतो. पृथ्वीवर हवेचं नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान अंटार्क्टिकावरच्या वोस्तोक केंद्रातलं आहे, उणे ८९.२, तारीख २१ जुलै १९८३. त्याच्या खालचं काही दिसलं तर ती थंडी नाही, रिकामी जागा आहे.

उलटी चूकही होते. रिकाम्या जागी शून्य भरलं जातं. उणे १० सरासरीच्या महिन्यात तीन दिवस असे गेले तर सरासरी उणे ९ दिसते, बसल्या जागी एक अंशाने उबदार. आणि स्प्रेडशीटमध्ये दुसरीकडून चिकटवलेल्या आकड्यांपुढे खऱ्या वजा चिन्हाऐवजी टंकनातली लांब रेघ आली असेल, तर संगणक तो मजकूर समजू शकतो. मग `AVERAGE` असे रकाने गुपचूप वगळतं. आपल्या आठवड्यातून फक्त ०, ३ आणि २ उरतील आणि सरासरी येईल अधिक १.७. किती आकडे मोजले गेले ते `COUNT` ने पाहिलं की साताऐवजी तीन दिसतात.

शेवटी समुद्राचं. खारं पाणी शून्याला गोठत नाही, साधारण उणे १.८ ला गोठतं. समुद्रावरच्या बर्फाचा अंदाज बांधताना म्हणून अंश-दिवस उणे १.८ पासून मोजतात. आपल्या आठवड्यात मग शनिवारचा उणे १ गोठण्यातून बाहेर पडतो आणि उरलेल्या तीन थंड दिवसांचे ४.२, २.२ आणि ६.२ मिळून १२.६ होतात. तळ्यासाठी १९, समुद्रासाठी १२.६, आणि सरासरी दोन्हीकडे उणे २.