दूध आधी सापडलं, अंडं नंतर

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत सुट्टीच्या दिवशी पोरं प्रश्नमंजूषेची तयारी करत बसतात. मागच्या आठवड्यात 'सस्तन प्राणी अंडी घालत नाहीत, बरोबर की चूक' या प्रश्नावर दोघांची जुंपली. एकाला ऑस्ट्रेलियातला अंडी घालणारा सस्तन प्राणी, प्लॅटिपस, माहीत होता. दुसऱ्याचं म्हणणं सरळ होतं, "अंडं घालतंय तर मग सस्तन कशाला म्हणायचं बे? कोंबडीच की ती!" भांडण शेवटी माझ्याकडे आलं, कारण मी तीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवलंय. तेव्हा दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा झालो, पण त्या पोराची शंका पोरकट नव्हती. युरोपातले नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ याच शंकेवर पंच्याऐंशी वर्षं अडून बसले होते.

सुरुवात शब्दापासून करावी लागते. आपल्याकडे जिवांची जुनी वाटणी जन्मावरून होते: अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज. या हिशेबात प्लॅटिपस निमूटपणे अंडजात गेला असता, पक्षी, साप आणि माशांच्या शेजारी. 'सस्तन' हा शब्द मात्र जन्माबद्दल काहीच बोलत नाही. स्तन असलेले ते सस्तन, एवढंच. जिवांच्या वर्गीकरणाची घडी बसवणाऱ्या लिनियसने १७५८ साली या वर्गाला जे लॅटिन नाव दिलं तेही स्तनावरूनच. त्याआधी तो या प्राण्यांना 'चतुष्पाद' म्हणत असे, आणि त्या नावात देवमासा बसत नव्हता. दूध ही खूण धरल्यावर तो बसला. सस्तन प्राणी पिल्लांनाच जन्म देतात हे त्या व्याख्येत कुठेच नव्हतं. पण गाय, मांजर, वटवाघूळ, देवमासा, जो पाहावा तो पिल्लू देणारा, त्यामुळे हे गृहीतक कधी आत येऊन बसलं ते कुणाला कळलंच नाही.

ऑस्ट्रेलियातल्या नव्या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर जॉन हंटर याने १७९८ साली प्लॅटिपसचं कातडं इंग्लंडला पाठवलं. पुढच्या वर्षी जॉर्ज शॉ या निसर्गतज्ज्ञाने त्याचं वर्णन छापलं, पण भीतभीतच. अंगावर दाट केस आणि तोंडाला बदकाची चोच, म्हणजे कुणीतरी शिवून जोडलेली असणार, असा संशय त्याला आला होता. ब्रिटिश म्युझियममधल्या त्या कातड्यावर चोचीच्या कडेला कात्रीच्या खुणा आहेत, त्या त्याच संशयाच्या म्हणून सांगितल्या जातात. ऑस्ट्रेलियातलाच दुसरा एक काटेरी प्राणी, एकिडना, त्याआधीच, १७९२ साली, शॉच्या हातात पडला होता. काटे पाहून आपल्याला साळिंदर आठवेल, त्याला मुंगीखाऊ आठवला आणि त्याने त्याच कुळात त्याची नोंद केली. दोघांचं नातं तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते १८०२ साली एव्हरार्ड होमने दोघांचं शवविच्छेदन केल्यावर दिसलं. दोघांनाही मागे एकच छिद्र होतं. मल, मूत्र आणि प्रजनन, सगळ्यांची वाट एकच, पक्ष्यांची आणि सरड्यांची असते तशी. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या एतिएन जोफ्रुआ सँतिलेर याने यावरूनच 'मोनोट्रीम', म्हणजे एकछिद्री, हे नाव काढलं. शरीराची आतली ठेवण सरपटणाऱ्यांसारखी आणि स्तनाचा पत्ता नाही, तेव्हा हे सस्तन नव्हेतच, यांचा वर्गच वेगळा, असं त्याचं मत बनलं आणि ते त्याने अखेरपर्यंत सोडलं नाही.

१८२४ साली योहान मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने मादी प्लॅटिपसच्या पोटाच्या कातडीखाली मोठ्या ग्रंथी सापडल्याचं जाहीर केलं आणि या दूधग्रंथीच आहेत असं ठामपणे मांडलं. जोफ्रुआला ते पटलं नाही. स्तनाग्र नाही, मग पिल्लू ओढणार काय? चोचीने कुणी दूध पितं का? त्याच्या मते त्या वास सोडणाऱ्या ग्रंथी होत्या, चिचुंद्रीच्या कुशीला असतात तशा. आक्षेप अगदीच फालतू नव्हता, कारण तोवर त्या ग्रंथींतून दूध निघताना कुणी पाहिलंच नव्हतं.

मला या वादात सर्वांत रंजक वाटते ती दोन्ही बाजूंची समान चूक. जोफ्रुआ म्हणे, हे अंडी घालत असणार, म्हणजे त्या दूधग्रंथी असूच शकत नाहीत. पलीकडचे म्हणत, दूधग्रंथी आहेत, म्हणजे हे अंडी घालूच शकत नाहीत. दूध आणि अंडं एका घरात नांदू शकतील, हे दोघांपैकी कुणाच्याही मनाला शिवत नव्हतं.

दुधाचा निकाल आधी लागला. न्यू साउथ वेल्समधला मॉल नावाचा एक लष्करी अधिकारी प्लॅटिपसची बिळं उकरत असे. १८३१ च्या सुमारास त्याला बिळात पिल्लांसह एक मादी मिळाली. ती मेल्यावर कातडं काढताना पोटावरच्या केसांतून दूध पाझरताना त्याला दिसलं. ही हकिकत लंडनमध्ये रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाकडे पोहोचली. ओवेनने वेगवेगळ्या माद्यांच्या ग्रंथी ताडून पाहिल्या तेव्हा अंडाशय फुगण्याच्या काळाशी ग्रंथींच्या वाढीचा मेळ बसला. वासाच्या ग्रंथीचं पिल्लांच्या वेळापत्रकाशी काय काम? १८३२ साली त्याने हे प्रसिद्ध केलं आणि प्लॅटिपस सस्तनांत पक्का झाला. स्तनाग्र मात्र आजही नाही. मादीच्या पोटावर कातडीचे दोन पट्टे असतात, तिथल्या बारीक छिद्रांतून दूध झिरपतं आणि पिल्लू ते केसांवरून चाटून-ओढून घेतं. म्हणजे काटेकोर अर्थ लावला तर आपला 'सस्तन' हा शब्दच इथे थोडा लंगडा पडतो.

अंड्याचा निकाल लागायला आणखी बावन्न वर्षं गेली आणि त्यातला बराच दोष ओवेनच्या पदरात पडतो. अंडी पोटातच फुटून पिल्लं बाहेर येत असणार, काही साप-सरड्यांत होतं तसं, हा त्याचा सिद्धान्त होता. १८६४ साली व्हिक्टोरियातल्या वूड्स पॉइंटहून निकोल्सन नावाच्या डॉक्टरांचं पत्र त्याला आलं. पकडून खोक्यात ठेवलेल्या एका प्लॅटिपसने पांढरी, मऊ, दाबली जाणारी दोन अंडी घातली होती. ओवेनने अर्थ लावला, भीतीने गर्भपात झाला असावा. ज्या मूळ रहिवाशांच्या नद्यांत हा प्राणी राहत होता त्यांना जॉर्ज बेनेट या निसर्गतज्ज्ञाने १८३० च्या दशकातच विचारलं होतं. काहींनी अंडी घालतो असं सांगितलं, काहींनी नाही म्हटलं. बेनेटने अंड्याची गोष्ट मानली नाही.

१८८३ साली केंब्रिजचा तरुण विल्यम कॉल्डवेल ऑस्ट्रेलियात उतरला. क्वीन्सलँडमधल्या बर्नेट नदीकाठी त्याने तळ टाकला आणि मूळ रहिवाशांची मोठी टोळी कामाला लावली. एकिडनाच्या प्रत्येक मादीमागे तो अर्धा क्राउन देई, पण एकिडना जास्त येऊ लागले की त्या रहिवाशांना विकायच्या पिठाचा, चहाचा आणि साखरेचा भाव वाढवी. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, तेही जराही न लाजता. ऑगस्ट १८८४ मध्ये त्याने एक प्लॅटिपस मादी गोळी घालून मारली. तिने एक अंडं घातलं होतं आणि दुसरं गर्भाशयाच्या तोंडाशी होतं. त्याने मॉन्ट्रियलला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या बैठकीसाठी इंग्रजीत जेमतेम चार शब्दांची तार धाडली: मोनोट्रीम अंडी घालतात, आणि त्या अंड्यांचं विभाजन अपुरं असतं.

तारेचा दुसरा अर्धा भाग सहसा कुणी सांगत नाही, पण शास्त्रज्ञांना चटका बसला तो त्याने. कोंबडीचं अंडं फोडलं की पिवळ्या बलकावर फिकट ठिपका दिसतो. पेशी विभागतात त्या तेवढ्या ठिपक्यातच, बाकीचा बलक अखंड राहतो. माणसाचं बीज मात्र सबंध विभागलं जातं. प्लॅटिपसचं अंडं कोंबडीच्या पद्धतीचं निघालं. तार २ सप्टेंबर १८८४ ला वाचली गेली. त्याच दिवशी अॅडलेडमध्ये विल्हेल्म हाके हा प्राणिशास्त्रज्ञ एकिडनाच्या पोटाच्या पिशवीत सापडलेल्या अंड्याचं कवच सभेला दाखवत होता. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

मग वर्ग का बदलला नाही? कारण तोवर डार्विनचं काम येऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि वर्गीकरण म्हणजे वंशावळ हे मान्य होत चाललं होतं. वंशावळीत जुनं काय टिकलंय याला फारसं वजन नसतं, नवं काय वाट्याला आलंय याला असतं. सोलापूरच्या पूर्व भागात पिढ्यान्पिढ्या राहिलेली तेलुगू घरं आहेत. काही घरांत अजून तेलुगू बोलतात, काहींत ती मागे पडली. म्हणून पहिली घरं तेलंगणातली आणि दुसरीच काय ती सोलापूरची, असं कुणी म्हणत नाही. अंडं ही सस्तनांच्या, सरपटणाऱ्यांच्या आणि पक्ष्यांच्या समाईक पूर्वजांची ठेव आहे. मोनोट्रीमांनी ती राखली, आपल्या पूर्वजांनी सोडली. दूध, केस, एकाच हाडाचा खालचा जबडा आणि मधल्या कानातली तीन हाडं ही सस्तनांच्या शाखेतली मिळकत आहे, आणि ती प्लॅटिपसकडे सगळी आहे. बदकाशी साम्य वरवरचं, चोचही खरी चोच नव्हे. ती मऊ कातडीची आहे आणि भक्ष्याच्या स्नायूंतली वीज टिपते.

शिवाय ते अंडं फार काही करतही नाही. कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवसांची सगळी शिदोरी अंड्यातच घेऊन असतं आणि बाहेर येताच चालतं, टिपतं. प्लॅटिपसचं अंडं जेमतेम १७ मिलिमीटर लांब असतं. आईच्या पोटात असतानाच ते गर्भाशयातला रस शोषून मोठं होतं, आणि घातल्यावर दहाएक दिवसांतच फुटतं. आतून निघतं ते घेवड्याच्या दाण्याएवढं उघडं, आंधळं पिल्लू. पुढचे तीन-चार महिने ते निव्वळ दुधावर वाढतं.

जनुकांतही हीच अर्धी वाटचाल दिसते. बलकाचं प्रथिन बनवणारी जनुकं कोंबडीत तीन आहेत, प्लॅटिपसमध्ये चालू स्थितीत एकच उरलंय. दुधातल्या केसीन या प्रथिनाची जनुकं मात्र त्याच्याकडे आपल्यासारखीच आहेत. म्हणजे दूध आधी आलं, बलकाची गरज त्यामुळे घटली आणि अंडं मागाहून सुटलं. कातड्यासारख्या मऊ कवचाची अंडी सुकू नयेत म्हणून अंगातून पाझरणारा ओलावा हेच दुधाचं मूळ असावं, असाही एक अंदाज आहे.

बलकाची ती तीन जनुकं माणसातही आहेत, पण मोडलेली, अवशेषापुरती. आणि बलक गेला तरी त्याची पिशवी गेलेली नाही. सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीला गेलेल्या बाईच्या रिपोर्टात 'योक सॅक दिसते' असं लिहून येतं. योक म्हणजे बलक. त्या पिशवीत बलक नसतो.