पोर्ट फॉरवर्डिंग वेगळं, होल पंचिंग वेगळं

‘टेलस्केल टाकलं की ते राउटरवर आपोआप पोर्ट उघडून देतं.’ हे वाक्य वाचलं की मला हल्ली थकवा येतो. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे ‘आमचं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, पोर्ट फॉरवर्ड होत नाही, तेव्हा मेश व्हीपीएनचा नाद सोडा.’ टेलस्केल म्हणजे आपली लांबलांबची मशीन्स एकमेकांशी थेट जोडणारं मेश व्हीपीएन, आणि सीजीनॅट म्हणजे इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकच पब्लिक आयपी वाटून देणं. दोन्ही विधानं चुकीची आहेत आणि दोघांचं मूळ एकच. पोर्ट फॉरवर्डिंग आणि होल पंचिंग ही एकाच कामाची दोन नावं आहेत, असं धरून लोक चालतात.

पोर्ट फॉरवर्डिंग तुम्हाला ठाऊक आहेच. राउटरच्या पानावर जायचं, बाहेरचं अमुक पोर्ट आतल्या 192.168.1.20 वर पाठव असं लिहायचं, सेव्ह करायचं. हा नियम कायमचा. जगातून कोणीही त्या पोर्टवर पॅकेट पाठवलं की राउटर ते आत ढकलतो. यूपीएनपीसुद्धा हेच करतं, फक्त नियम तुमच्याऐवजी प्रोग्रॅम लिहितो. त्याला होल पंचिंग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय. टेलस्केल यूपीएनपीचीही चाचपणी करून बघतं, त्यामुळे गोंधळ वाढतो हे मान्य. पण तो त्याचा जोडरस्ता आहे, मुख्य रस्ता नव्हे.

होल पंचिंगमध्ये कुठेही नियम लिहिला जात नाही. ते ज्यावर चालतं ती गोष्ट तुमचा राउटर रोज हजारो वेळा करतोच आहे. आतून एक पॅकेट बाहेर निघालं की राउटर त्याची नोंद करून ठेवतो: आतला हा पत्ता, बाहेरच्या त्या पत्त्याशी बोलतोय, त्यासाठी मी हे बाहेरचं पोर्ट वापरलं. उत्तर आलं की नोंद बघून आत सोडतो. नोंद नसलेलं पॅकेट टाकून देतो. पत्ते बदलून नोंद ठेवण्याच्या या कामालाच नॅट म्हणतात. होल म्हणतात ते म्हणजे ही नोंद. ती एका जोडीदारापुरती असते, आतून पॅकेट गेल्याशिवाय तयार होत नाही आणि बोलणं थांबलं की पुसली जाते.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. पुण्यात घरी मिनी पीसी आहे, त्यावर फोटो आणि बॅकअप. लॅपटॉप नागपुरात बहिणीकडे. दोन्हींवर टेलस्केल. पुण्याचं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे राउटरला मिळालेला आयपीच 100.64.0.0/10 या पट्ट्यातला, खरा पब्लिक आयपी इंटरनेट कंपनीच्या मोठ्या नॅटकडे. नागपूरच्या राउटरला साधा पब्लिक आयपी आहे.

पहिलं काम म्हणजे आपण बाहेरून कसे दिसतो ते शोधणं. मिनी पीसी आपल्या 41641 या यूडीपी पोर्टवरून एका स्टन सर्व्हरला विचारतो, ‘माझं पॅकेट तुला कुठून आलं?’ सर्व्हर सांगतो, 203.0.113.7:20411. लॅपटॉपला उत्तर मिळतं, 198.51.100.9:41641. इथे एक बारकावा बऱ्याच लेखांतून सुटतो. हा प्रश्न ज्या सॉकेटमधून विचारला, त्याच सॉकेटमधून पुढे वायरगार्डची, म्हणजे टेलस्केल ज्या व्हीपीएनवर उभं आहे त्याची, पॅकेट्स जायला हवीत. दुसऱ्या सॉकेटमधून विचारलेला पत्ता दुसऱ्या नोंदीचा असतो, तो इथे उपयोगाचा नाही. म्हणूनच नुसत्या वायरगार्डच्या शेजारी एखादा स्टन क्लायंट चालवून काम भागत नाही.

मग दोघे आपापला पत्ता कोऑर्डिनेशन सर्व्हरमार्फत एकमेकांना कळवतात. या सर्व्हरचं काम पत्ते आणि पब्लिक की पोचवण्याचं. तुमचे फोटो त्याच्यातून जात नाहीत.

आता खरी गंमत. पुण्याचा मिनी पीसी 198.51.100.9:41641 ला पॅकेट पाठवतो. ते घरच्या राउटरमधून जातं, तिथे नोंद होते. पुढे कंपनीच्या नॅटमधून जातं, तिथेही नोंद होते. नागपूरला पोचतं, पण तिथल्या राउटरकडे 203.0.113.7 बद्दल काहीच नाही, म्हणून ते पॅकेट टाकून देतो. लोक इथे म्हणतात की पहिला प्रयत्न फसला. फसला कसला? त्या पॅकेटने पोचावं अशी अपेक्षाच नव्हती. त्याने आपल्या बाजूच्या दोन्ही नॅटवर नोंद करून ठेवली, त्याचं काम झालं.

थोड्या वेळाने नागपूरचा लॅपटॉप 203.0.113.7:20411 ला पॅकेट पाठवतो. नागपूरच्या राउटरवर आता नोंद झाली. पॅकेट पुण्याच्या कंपनीच्या नॅटवर येतं आणि तिथे आधीची नोंद तयारच आहे. नॅटच्या लेखी हे मिनी पीसीला आलेलं उत्तर. आत सोडलं जातं, घरचा राउटरही त्याच कारणाने सोडतो. मिनी पीसीचं उत्तर नागपूरला विनाअडथळा पोचतं. रस्ता सुरू.

दोन्ही पॅकेट्स एकाच क्षणी निघायला हवीत, हाही एक हट्टी गैरसमज. यूडीपीत तसं काही नाही. पहिली नोंद जिवंत असताना दुसरं पॅकेट आलं की पुरे. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरवर एकतर्फी यूडीपी नोंद साधारण 30 सेकंद टिकते, दोन्हीकडून बोलणं सुरू झालं की 120 सेकंद. नागपूरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी असेल तर ही नोंद डोळ्यांनी बघता येते:

```
# conntrack -L -p udp
udp 17 116 src=192.168.0.14 dst=203.0.113.7 sport=41641 dport=20411 src=203.0.113.7 dst=198.51.100.9 sport=20411 dport=41641 [ASSURED] mark=0 use=1
```

पहिला अर्धा भाग म्हणजे आतून काय गेलं, दुसरा म्हणजे बाहेरून काय आलं तर आत सोडायचं. 116 म्हणजे नोंद पुसायला उरलेले सेकंद. उत्तर अजून आलं नसेल तर मध्ये `[UNREPLIED]` दिसतं. त्याच वेळी राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडून बघा. तिथे या पोर्टचं नावही नसतं. वायरगार्डमध्ये `PersistentKeepalive = 25` लिहायचा सल्ला मिळतो तो यासाठीच: 30 सेकंदांच्या आत एक पॅकेट जात राहिलं की नोंद मरत नाही.

सीजीनॅटचं कोडंही इथेच सुटतं. फॉरवर्डिंगचा नियम तुम्ही फक्त तुमच्या राउटरवर लिहू शकता. त्यापुढच्या कंपनीच्या नॅटवर तुमचा हात पोचत नाही, म्हणून नियम बिनचूक असूनही बाहेरून काही येत नाही. नोंद मात्र पॅकेट ज्या ज्या नॅटमधून जाईल तिथे आपसूक होते. मध्ये एक नॅट असो की दोन, पासवर्ड कोणाचाच लागत नाही.

मग ते अडतं कुठे? सीजीनॅटमुळे नव्हे. अडतं ते नॅटच्या एका सवयीमुळे, आणि ती सवय घरच्या राउटरलाही असू शकते, ऑफिसच्या फायरवॉललाही. सीजीनॅट म्हणजे नॅट कोणाकडे आहे ते. सिमेट्रिक नॅट म्हणजे तो वागतो कसा ते. हे दोन शब्द अदलाबदल करून वापरणाऱ्यांनी पुढचा भाग जरा सावकाश वाचावा.

वरच्या उदाहरणात आपण एक गोष्ट गृहीत धरली होती. स्टन सर्व्हरशी बोलताना पुण्याच्या नॅटने 20411 दिलं, आणि नागपूरशी बोलतानाही तेच 20411 ठेवलं. बहुतेक घरगुती राउटर असंच वागतात, आणि 2007 च्या आरएफसी 4787 मध्ये यूडीपीसाठी हेच वागणं बंधनकारक म्हणून सांगितलंय. सिमेट्रिक नॅट मात्र समोरचा पत्ता बदलला की नवं पोर्ट देतो. स्टनला 20411 दाखवलं, नागपूरसाठी 37790 काढलं. लॅपटॉप बिचारा 20411 वर पॅकेट्स मारत बसतो, पण ती नोंद स्टन सर्व्हरपुरती होती. उलट्या दिशेने पुण्याचं पॅकेट 37790 वरून नागपूरला येतं, आणि तिथला राउटर 20411 ची वाट बघत असतो, म्हणून तेही फेकलं जातं. दोघांनी नियमाप्रमाणे सगळं केलं आणि गाठ पडली नाही.

आपला नॅट कुठल्या जातीचा, हे एका आज्ञेत कळतं. ती निरनिराळ्या स्टन सर्व्हरांना विचारते आणि उत्तरातलं पोर्ट तेच आहे का ते बघते:

```
$ tailscale netcheck
	* UDP: true
	* IPv4: yes, 203.0.113.7:20411
	* MappingVariesByDestIP: false
```

शेवटची ओळ `false` असेल तर सीजीनॅटमागे असूनही निवांत राहा. `true` असेल तर तो सिमेट्रिक. दोन्ही टोकांना `true` आलं तर थेट जोडणीची आशा जवळपास सोडा. एकाच टोकाला असेल तर दुसरा राउटर किती काटेकोर आहे यावर ठरतं: तो फक्त आयपी बघून सोडत असेल तर 37790 वरचं पॅकेट आत येईल, लॅपटॉपला खरं पोर्ट कळेल आणि तो तिकडे उत्तर देईल. पोर्टही तपासत असेल तर नाही. `UDP: false` आलं तर नेटवर्कने यूडीपीच अडवलंय, तिथे नॅटची जात विचारण्यात अर्थ नाही.

थेट जोडणी जमली नाही तरी टेलस्केल चालतंच, कारण मग पॅकेट्स डर्प या रिले सर्व्हरांवरून जातात. तिथेही ती वायरगार्डने बंद केलेलीच असतात, रिलेला आतलं दिसत नाही. सुरुवातही रिलेवरूनच होते, म्हणून पहिलं उत्तर बघून घाबरायचं नाही:

```
$ tailscale ping pune
pong from pune (100.101.102.103) via DERP(blr) in 61ms
pong from pune (100.101.102.103) via 203.0.113.7:20411 in 24ms
```

पहिली फेरी बेंगळुरूच्या रिलेमार्गे, दुसरी थेट. दहा पिंग होऊनही थेट रस्ता नाही मिळाला तर आज्ञा तसं सांगून थांबते. ‘कनेक्ट तर झालंय, मग फाइल इतकी रखडत का जातेय’ असं विचारणाऱ्यांनी आधी ही आज्ञा चालवावी. राउटर बदलण्याची चर्चा त्यानंतर.

रिलेवर अडकलात आणि एका टोकाला खरा पब्लिक आयपी असेल, तर मात्र जुनं पोर्ट फॉरवर्डिंगच कामाला येतं. फक्त त्या एका बाजूला यूडीपी 41641 फॉरवर्ड करा. आता तिथला राउटर कुठल्याही पोर्टवरून आलेलं पॅकेट आत सोडतो, त्यामुळे समोरच्या सिमेट्रिक नॅटने 37790 काढलं काय किंवा दुसरं काही काढलं काय, फरक पडत नाही. पीएफसेन्स हा फायरवॉल राउटर म्हणून वापरणाऱ्यांना आणखी एक वाट आहे: तो मुळात प्रत्येक बाहेरच्या जोडणीला नवं पोर्ट देतो, आऊटबाउंड नॅटच्या नियमात त्या मशीनपुरतं `Static Port` चालू केलं की `netcheck` मधलं `true` जाऊन `false` येतं.