दिवाळीनंतर एलडीएल कमी कसं झालं? लिपिडच्या वहीची गोष्ट

लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर आणि मध एकत्र उकळून रोज दोन चमचे घ्या, महिन्यात कोलेस्टेरॉल खाली, असा एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. हल्ली त्याच्यासोबत पुरावा म्हणून दोन लॅब रिपोर्टांचे फोटो असतात, एलडीएल म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, आधीचं आणि नंतरचं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनीही असेच दोन रिपोर्ट मला दाखवले. मी बायोकेमिस्ट्री शिकवतो त्यामुळे लोक फाइल घेऊन येतातच. काकांचं म्हणणं, एलडीएल ९८ होतं ते काढ्यानं ८१ झालं, आणि तेसुद्धा दिवाळीचा फराळ हाणून!

मला मजा वाटली ती ह्या शेवटच्या वाक्याची, कारण एलडीएल कमी दिसलं ते बहुतेक फराळामुळेच. असे घोळ ओळखायला प्रत्येक लिपिड रिपोर्ट, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि रक्तातल्या चरबीचे आकडे, एका वहीत उतरवून ठेवावा, आणि त्यात काय काय लिहायचं ते पुढे येईलच.

आता हे कसं ते सांगतो, थोडं गणित आहे पण पाचवीच्या पुढचं नाही. रक्तात कोलेस्टेरॉल सुटं फिरत नाही, ते प्रोटीन आणि चरबीच्या बारीक कणांमधे बसून फिरतं. एचडीएल, एलडीएल आणि व्हीएलडीएल हे त्यातले मुख्य कण. लॅबमधलं मशीन टोटल कोलेस्टेरॉल मोजतं, एचडीएल मोजतं, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी मोजतं. एलडीएल मात्र बऱ्याच लॅबमधे मोजलेलं नसतंच, ते वजाबाकीनं काढलेलं असतं. पूर्वी ते नीट मोजायला प्रचंड वेगानं फिरवून कण वेगळे करणारं अल्ट्रासेंट्रिफ्यूज यंत्र लागायचं, महागडं आणि वेळखाऊ काम. १९७२ मधे अमेरिकेत फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिकसन ह्यांनी ४४८ लोकांच्या रक्ताचे आकडे बघून एक सोपी वाट काढली. उपाशीपोटीच्या रक्तातलं बहुतेक ट्रायग्लिसराइड व्हीएलडीएलमधे असतं, आणि त्या कणांमधे साधारण पाच भाग ट्रायग्लिसराइडमागे एक भाग कोलेस्टेरॉल असतं. म्हणजे ट्रायग्लिसराइडला ५ नं भागलं की व्हीएलडीएलमधलं कोलेस्टेरॉल मिळालं, टोटलमधून ते आणि एचडीएल वजा केलं की उरलं ते एलडीएल. झालं!

गोची त्या पाचात आहे. तो सरासरीचा आकडा आहे. ट्रायग्लिसराइड वाढलं की कण जास्त चरबी भरलेले होतात, आणि पोट नीट रिकामं नसेल तर आतड्याकडून आलेले काइलोमायक्रॉन नावाचे कणही रक्तात असतात, ज्यात चरबी भरपूर आणि कोलेस्टेरॉल अगदी थोडं. मग गुणोत्तर पाच न राहता सहा-सात होतं, पण सूत्र आपलं पाचानंच भागत राहतं, व्हीएलडीएल फुगवून वजा करतं, आणि एलडीएल खोटंच कमी दिसतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र वापरूच नये असं त्या तिघांच्या १९७२ च्या शोधनिबंधातच म्हटलंय, पण त्याच्या खालीही ते हळूहळू घसरत असतंच.

काकांचे आकडे घ्या. जून २०१९ मधे टोटल १७२, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १५०. दीडशेला पाचानं भागलं की ३०, म्हणजे एलडीएल ९८. नोव्हेंबर २०२१ मधे, भाऊबीज होऊन तीन दिवस झालेले, टोटल १८०, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड २९०. पाचानं भागून ५८, आणि एलडीएल ८१. आता पाचाऐवजी सहानं भागून बघा, ४८ येतं आणि एलडीएल ९१ होतं. दहा पॉइंट नुसत्या भागाकारातून गेले. त्याहून सरळ उपाय म्हणजे टोटलमधून फक्त एचडीएल वजा करायचं, ह्याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि त्यात कुठलंच गृहीतक नाही. २०१९ मधे ते १२८ होतं आणि काढ्यानंतर १३९. म्हणजे वाढलंच की. (लसणाशी माझं काही भांडण नाही, चटणी मीही खातो.)

म्हणून वहीत एलडीएलच्या शेजारी नॉन-एचडीएलचा एक रकाना हवा, तो रिपोर्टवर नसला तरी आपला आपण काढून. आणि ट्रायग्लिसराइड हवंच, कारण त्याच्याशिवाय जुन्या एलडीएलचा अर्थच लागत नाही.

एलडीएल मोजलेलं की काढलेलं हे रिपोर्टवर लिहिलेलं असतं, ‘डायरेक्ट’ किंवा ‘कॅल्क्युलेटेड’, पण अक्षरं बारीक असतात आणि कधीकधी लिहिलेलं नसतंच. मग स्वतः बेरीज करा. एचडीएल, एलडीएल आणि व्हीएलडीएल मिळून बरोबर टोटलइतके होत असतील तर ते वजाबाकीचं एलडीएल. बेरीज जुळत नसेल तर बहुतेक एलडीएल थेट मोजलंय आणि व्हीएलडीएल मात्र ट्रायग्लिसराइडच्या पाचव्या हिश्श्यानं छापून दिलंय. लोक ह्याला लॅबची चूक समजतात, ती चूक नाही, दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे एका पानावर आलेत इतकंच. शिवाय २०१३ आणि २०२० मधे नवी सूत्रं आली, जी पाचाचा हट्ट धरत नाहीत, काही लॅब आता ती वापरतात. त्यामुळे लॅब बदलली की, किंवा त्याच लॅबनं पद्धत बदलली की, एलडीएल थोडं उडी मारू शकतं आणि शरीरात काहीच झालेलं नसतं. वहीत लॅबचं नाव आणि ही पद्धत दोन्ही लिहायचं ते ह्याचसाठी.

युनिटचा घोळ परदेशवारीनंतर होतो. काका २०२३ मधे मुलीकडे कॅनडाला गेले होते, तिथल्या रिपोर्टमधे टोटल ४.५, एचडीएल १.१, ट्रायग्लिसराइड १.७, एलडीएल २.६. तिथे मिलीमोल प्रति लिटर वापरतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. कोलेस्टेरॉलच्या आकड्यांना ३८.६७ नं गुणायचं, म्हणजे टोटल १७४ आणि एलडीएल साधारण १०१. मुलीनं मग सगळ्यालाच तोच गुणक लावला आणि ट्रायग्लिसराइड ६६ आलं, घरात आनंदीआनंद! ट्रायग्लिसराइडचा रेणू कोलेस्टेरॉलच्या दुपटीहून जड असतो, त्यामुळे त्याचा गुणक वेगळा, ८८.५७, आणि खरा आकडा १५१. वहीत मूळ आकडा मूळ युनिटसकट लिहायचा आणि शेजारी बदललेला. नुसता बदललेला लिहिला तर पुढे चूक सापडत नाही.

मग प्रश्न येतो की किती फरक म्हणजे खरा फरक. एकाच माणसाचं एलडीएल, काहीही न बदलता, आठवड्याआठवड्यानं वरखाली होतं, त्यात मोजण्यातली थोडी हलचल मिसळते. दोन रिपोर्टांमधे वीस-पंचवीस टक्क्यांहून कमी फरक असेल तर तेवढ्यावरून काही ठामपणे म्हणता येत नाही. ट्रायग्लिसराइड तर फारच चंचल, दीडशेचं दोनशे होणं ह्यात बातमी नाही. काकांचं ९८ चं ८१ म्हणजे सतरा टक्के, भागाकाराची भानगड नसती तरी काढ्याला श्रेय देण्याइतका तो फरक नव्हता.

उलट औषधाचा फरक एवढा मोठा असतो की तो ह्या हलचलीतून वर दिसतो. मार्च २०१९ मधे, कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू होण्याआधी, काकांचं एलडीएल १६० होतं (टोटल २३८, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १८०). एप्रिलमधे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० सुरू झालं आणि जूनमधे ९८, म्हणजे ३९ टक्के घट, ह्या डोसकडून जेवढी अपेक्षा असते साधारण तेवढीच. हा गोळीआधीचा आकडा वहीतला सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच रिपोर्ट लोक हरवतात, नाहीतर लॅबची लिंक बंद झालेली असते. तो मिळत असेल तर आजच शोधा, जुन्या डॉक्टरांच्या केसपेपरवरही उतरवलेला सापडू शकतो. औषध लिहिताना कंपनीचं नाव नको, स्ट्रिपच्या मागचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा, कारण नाव तेच आणि शेवटी दोन अक्षरं जोडली की आत दुसरं औषधही मिसळलेलं असू शकतं. आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं १० आणि रोसुव्हास्टॅटिनचं १० सारखं नाही, दुसरं जास्त उतरवतं.

शेवटचा रकाना ‘काय बदललं’. इथे निबंध नको, चार शब्द पुरे. वजन किती आणि ते उतरतंय की स्थिर आहे, कारण उतरत असताना घेतलेले आकडे वजन थांबल्यावर पुन्हा सरकतात. मोठा ताप किंवा ऑपरेशन झालं असेल तर तारीख, आजारपणात एलडीएल खाली जातं आणि सावरायला काही आठवडे लागतात, त्या काळातला चांगला रिपोर्ट बघून खूश होऊ नये. थायरॉइडची गोळी, स्टेरॉइड. किती तास उपाशी होता. घरी बिछान्यात पडून रक्त दिलं की लॅबमधे बसून, हेसुद्धा, कारण आडवं राहिलं की रक्तात पाणी परत येतं आणि सगळे आकडे थोडे पातळ होतात.

ह्या रकान्याचा उपयोग फेब्रुवारी २०२५ मधे झाला. टोटल २२६, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १६०, एलडीएल १५१. डॉक्टर डोस दुप्पट करून २० करायच्या विचारात होते. पण १० वर ९८ असणारं एलडीएल नुसत्या खाण्यानं १५१ होणं अवघड, आणि १५१ हा आकडा गोळीआधीच्या १६० ला जवळपास चिकटलेला. असं दिसलं की दोन गोष्टी आधी बघायच्या, थायरॉइड आणि गोळी खरंच चालू आहे का. थायरॉइडची टीएसएच तपासणी नॉर्मल आली. काकूंनी वही पुढे केली, त्यात त्यांच्या अक्षरात होतं, ‘डिसेंबर १२, गावी गेलो, पाकीट संपलं, तिथे मिळालं नाही’. परत आल्यावर काकांनी ती सुरूच केली नव्हती, बरं वाटतंय म्हणून! डोस दुप्पट केला असता तर नेहमीच्या परिणामावर साधारण आणखी सहा टक्केच उतरलं असतं, आणि न घेतलेल्या गोळीचं तर दुप्पट करून काय होणार. डॉक्टरांनी १० च परत सुरू केली, सहा आठवड्यांनी त्याच लॅबमधे, बारा तास उपाशी, टोटल १७५, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १५५, एलडीएल १०१.