अक्षरे वर्तुळावर, अंक रेषेवर

C7, I8, O11, U16, ?

शालेय शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरतीपर्यंत बुद्धिमत्ता चाचणीच्या कोणत्याही पेपरात अशी मालिका भेटते. साताऱ्यात सैनिक स्कूलच्या प्रवेशाची तयारी करणारी सहावीच्या उंबरठ्यावरची मुले ती सोडवतात आणि सांगलीतल्या अभ्यासिकांत भरतीची तयारी करणारी मोठी मंडळीही सोडवतात. उत्तर बहुतेकांना येते. पण ते तेच का, आणि चुकते तेव्हा नेमके कुठे चुकते, हे समजून घेण्याजोगे गणित या चार पदांत दडलेले आहे.

पहिले काम म्हणजे मालिका उभी चिरायची. अक्षरे एका ओळीत लिहायची, अंक त्याखालच्या ओळीत. वर C, I, O, U आणि खाली 7, 8, 11, 16. आता वरच्या ओळीकडे बघताना खालची झाकून ठेवायची. अक्षरांचे क्रमांक मांडले की ३, ९, १५, २१ मिळतात. दर वेळी सहाची उडी. हे क्रमांक पटकन आठवावेत म्हणून क्लासमध्ये EJOTY पाठ करून घेतात: E पाचवे, J दहावे, O पंधरावे, T विसावे, Y पंचविसावे. कोणतेही अक्षर यांपैकी एकाच्या आसपासच असते, त्यामुळे A पासून मोजत बसावे लागत नाही.

खालच्या ओळीत लागोपाठच्या अंकांतला फरक काढला की १, ३, ५ येतो. फरक स्वतःच दोनदोनने वाढतो आहे, म्हणून पुढचा फरक ७ आणि पुढचा अंक १६ अधिक ७ म्हणजे २३. वेगळ्या नजरेने पाहिले तर ही वर्गसंख्यांचीच ओळ आहे: ०, १, ४, ९, १६ या प्रत्येकात ७ मिळवलेले. दोन्ही वाटांनी २३ च येते, ही चांगली पडताळणी.

आता अक्षर. २१ मध्ये ६ मिळवले की २७. सत्ताविसावे अक्षर नाही, म्हणून २६ वजा करायचे. १ उरतो, म्हणजे A. उत्तर A23.

पेपर काढणाऱ्याला चुका कुठे होतात हे चांगले ठाऊक असते, म्हणून पर्यायांत Z23 आणि A21 हमखास दिसतात. Z23 कसे येते ते पाहा. विद्यार्थ्याने क्रमांकांची वजाबाकी करून उडी सहाची आहे हे बरोबर काढले. मग पुढचे अक्षर शोधायला बोटे वापरली आणि पहिले बोट U वरच ठेवले: U, V, W, X, Y, Z. सहा बोटे झाली, उत्तर Z. उडी मोजताना आपण जिथे उभे आहोत ते अक्षर धरायचे नसते. पहिले बोट V वर पडायला हवे. गंमत अशी की ज्याने उडी शोधतानाही बोटांनीच मोजले आणि दोन्ही वेळा सुरुवातीचे अक्षर धरले, त्याला उडी सातची वाटते, पण उत्तर बरोबर येते, कारण दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. घोळ होतो तो अर्धे काम वजाबाकीने आणि अर्धे बोटांनी केल्यावर. उत्तर नेहमी नेमके एका अक्षराने मागे पडत असेल, तर दोष इथेच आहे असे समजावे. A21 चे कारण साधे आहे. शेवटचा फरक ५ दिसला, तोच पुन्हा मिळवला. फरकांचा फरक पाहिलाच नाही.

पण २६ वजा करण्याची ही कृती फक्त अक्षरांसाठी का? अंकांची ओळ २३, ३२, ४३ अशी कितीही पुढे जाऊ शकते, तिला शेवट नाही. अक्षरे मात्र सव्वीसच. Z नंतर पुढे जायचे तर A कडेच वळावे लागते. म्हणजे अंक एका सरळ रेषेवर चालतात आणि अक्षरे सव्वीस घरांच्या वर्तुळावर. दोघांना वेगवेगळे नियम देणे सोयीचे का पडते, ते या फरकातून कळते.

वर्तुळावर एक माहिती हरवते. U पासून A पर्यंत जाताना सहा घरे पुढे गेलो की वीस घरे मागे आलो, हे नुसती अक्षरे पाहून सांगता येत नाही. एक पूर्ण फेरी मारून आणखी सहा, म्हणजे बत्तीस घरे, गेलो असलो तरी मुक्काम तोच. सुदैवाने उत्तराला त्याने फरक पडत नाही, कारण पुढची उडीही त्याच घरात उतरते. म्हणूनच एखाद्या मालिकेत अक्षरे चाळिशीच्या उड्या मारत आहेत असे कोणी म्हणत नाही. २६ पेक्षा मोठी प्रत्येक उडी कोणत्या ना कोणत्या छोट्या उडीसारखीच दिसते. अंकांना मात्र ६ वाढणे आणि ३२ वाढणे यांत जमीनअस्मानाचा फरक.

सहाच्या उडीने आपली मालिका पुढे चालवली तर C, I, O, U, A, G, M, S, Y, E, K, Q, W अशी तेरा अक्षरे येतात आणि चौदाव्या पदाला पुन्हा C. B, D, F यांची पाळी कधीच येत नाही. कारण ६ आणि २६ दोघेही दोनने भागले जातात, म्हणून विषम क्रमांकावरून निघालेला विषमावरच उतरतो. उडी पाचची असती तर सव्वीसही घरे झाली असती, कारण ५ आणि २६ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही. उडी तेराची असेल तर दोनच अक्षरे आलटून पालटून येतात. चौदाव्या पदाला C परतला तरी त्याच्याजवळचा अंक ७ नसतो. तेराचा वर्ग १६९, अधिक ७, म्हणजे C176. अक्षर फिरून आले, अंक पुढे निघून गेला.

आता खरी अडचण. अंकांचा नियम खरोखरच स्वतंत्र आहे, की तो अक्षराच्या क्रमांकाला बांधलेला आहे? ही मालिका घ्या:

E10, I18, M26, Q34, U42, Y50, ?

एक जण म्हणेल, अक्षर चारने पुढे, अंक आठने पुढे, दोघे आपापले. दुसरा म्हणेल, E पाचवे आणि ५ ची दुप्पट १०, I नववे आणि ९ ची दुप्पट १८. अंक म्हणजे अक्षराच्या क्रमांकाची दुप्पट. Y50 पर्यंत दोघांचे प्रत्येक पद तंतोतंत जुळते. पुढचे अक्षर २९ वजा २६ म्हणजे तिसरे, C. पहिल्याचे उत्तर C58, दुसऱ्याचे C6. दोघांचे तर्क निर्दोष आहेत. पर्यायांत दोन्ही दिले असतील तर दोष प्रश्नाचा आहे, आणि असा प्रश्न उत्तरतालिकेवर हरकत घेण्याजोगा आहे.

म्हणून अंक स्वतंत्र आहे का हे तपासायचे तर अक्षराने Z ओलांडलेली जागा पाहावी. वर्तुळ वळून अक्षर सुरुवातीला आले तरी अंक पहिल्याच चालीने वाढत राहिला, तर तो स्वतंत्र. अंक अक्षराबरोबर एकदम खाली पडला, तर तो बांधलेला. पेपर काढणाऱ्यांनी Z ओलांडल्यानंतरचे किमान एक पद दिले की ही शंका राहत नाही. उदाहरणार्थ वरच्या मालिकेत C58 देऊन त्यापुढचे पद विचारावे. मग G66 हे एकच उत्तर उरते.

बांधलेल्या मालिकेचा वेगळा नमुना रस्त्यावर रोज दिसतो. साताऱ्याच्या गाड्या MH-11, सांगलीच्या MH-10, कराडच्या MH-50. त्यापुढची अक्षरे आणि चार अंक ही अक्षरांकांची मालिकाच आहे, पण तिथे अक्षराला स्वतःची चाल नाही. अंक 9999 पर्यंत जाईतो अक्षरे जागची हलत नाहीत आणि मग पुढची जोडी सुरू होते. आपण शाळेत हातचा घेतो तशीच ही रीत. शिवाय I आणि O ही अक्षरे १ आणि ० सारखी दिसतात म्हणून या क्रमातून वगळलेली असतात. त्यामुळे तिथे H नंतर J येतो आणि वर्तुळ सव्वीसचे न राहता चोविसाचे होते. वर्तुळात घरे किती हे आधी नक्की केल्याशिवाय वजाबाकी करू नये, ते यासाठी.

मराठी माध्यमाच्या पेपरात हाच प्रश्न आणखी टोकदार होतो. ही मालिका पाहा: क3, छ6, ड12, ध24, ? अंक दर वेळी दुप्पट, म्हणून ४८. अक्षरे सहाच्या उडीने चालली आहेत: क पहिले, छ सातवे, ड तेरावे, ध एकोणिसावे, म्हणून पुढचे पंचविसावे, म. उत्तर म48. क-वर्गापासून प-वर्गापर्यंतची पंचवीस व्यंजने पाच-पाचच्या ओळींत मांडली तर क, छ, ड, ध, म हा त्या चौकटीचा कर्ण आहे. पाचची उडी घेतली तर क, च, ट, त, प असे आपण सरळ पहिल्या स्तंभातून उतरतो.

इथे बहुतेकांचा पाय अडखळतो तो ङ आणि ञ पाशी. लिहिण्यात ती क्वचित येतात, म्हणून तोंडी मोजताना घ नंतर एकदम च म्हटला जातो. मग क पासून सहा घरे पुढे गेल्यावर छ ऐवजी ज येतो आणि मालिकेत दिलेला छ चूक वाटू लागतो. दिलेले अक्षर आपल्या मोजणीच्या एक-दोन घरे मागे दिसले, तर आधी ही दोन अक्षरे सुटली का ते बघावे.

आणि म नंतर काय? क, च, ट, त, प यांच्यापुढे पाचची उडी मारली तर सव्विसावे व्यंजन य येते. पण पेपर काढणाऱ्याने पंचवीस वर्गीय व्यंजनांचेच वर्तुळ मनात धरले असेल, तर तिथे पुन्हा क येतो. त्याही पुढे गेलो तर ळ वर थांबून चौतीस व्यंजने धरायची की क्ष आणि ज्ञ मोजून छत्तीस, हा प्रश्न उभाच आहे. इंग्रजी वर्णमालेत Z नंतर A हे सगळ्यांना मान्य आहे. मराठीत वर्तुळ कुठे जोडायचे यावर तशी एकवाक्यता नाही. म्हणून मराठी अक्षरांची मालिका काढताना ती म च्या आत संपवावी, किंवा कोणती वर्णमाला धरली आहे ते प्रश्नाच्या वरच छापावे.