वेटिंग तिकिटाचा आकडा कसा वाचायचा, आणि चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर

पीएनआर तपासल्यावर GNWL 38/WL 14 असं दिसलं, तर 38 हा तिकीट काढताना मिळालेला क्रमांक आणि 14 हा आजचा. म्हणजे मधल्या काळात तुमच्या पुढची 24 नावं रांगेतून कमी झाली. त्यातली काहींना जागा मिळाली, काहींनी वेटिंगचंच तिकीट रद्द केलं. पहिला आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. रोज दुसरा आकडा किती उतरतोय ते पाहा.

मात्र रांग एकच नसते. GNWL ही साधारणपणे गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवाशांची रांग असते. मधल्या स्थानकावरून चढणाऱ्यांना बऱ्याचदा RLWL मिळते. तिच्या वाट्याला जागा कमी असतात, त्यामुळे रद्द होणारी तिकिटंही कमी. म्हणून RLWL 10 हे GNWL 30 पेक्षा अवघड ठरू शकतं. TQWL म्हणजे तत्काळचं वेटिंग. ते आरएसीत, म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसायच्या जागेत, जात नाही; थेट कन्फर्म होतं किंवा वेटिंगच राहतं.

शेवटची मोठी हालचाल चार्ट लागताना होते. इतर कोट्यांतल्या न वापरलेल्या जागा तेव्हा वेटिंगवाल्यांना दिल्या जातात. त्यामुळे आदल्या दिवशी 6 वर अडकलेलं तिकीटही कन्फर्म होऊ शकतं.

चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंग असलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं. क्लार्केज, म्हणजे रेल्वेचं ठरावीक शुल्क, वजा होऊन पैसे त्याच खात्यात परत येतात; कन्व्हिनियन्स फी मात्र परत मिळत नाही. काउंटरवरचं कागदी तिकीट आपोआप रद्द होत नाही. ते गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द करावंच लागतं, नाहीतर पैसे बुडतात. वेटिंग तिकिटावर स्लीपर किंवा एसी डब्यात बसता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ एका पीएनआरवर चार जण असताना होतो. समजा, चार्टमध्ये दोघे कन्फर्म झाले आणि दोघे वेटिंगवर राहिले. असं ई-तिकीट आपोआप रद्द होत नाही. चौघांनाही जायचं नसेल, तर गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ऑनलाइन तिकीट रद्द करा किंवा टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा ऑनलाइन अर्ज, भरा. मग कन्फर्म झालेल्यांचेही पैसे फक्त क्लार्केज कापून मिळतात. पण दोघेच जाणार असतील, तर प्रवासात टीटीईकडून उरलेले दोघे आले नाहीत असं प्रमाणपत्र घ्या. टीडीआरसोबत ते लागतं.

पर्याय हवा असेल तर तिकीट काढतानाच ‘विकल्प’ निवडून ठेवा. दुसऱ्या गाडीत जागा मिळाली की ते तिकीट कन्फर्म धरलं जातं, आणि नंतर रद्द केल्यास कापणीही तशीच होते. दुसरा मार्ग म्हणजे चार्टनंतरचं करंट बुकिंग: त्याच मार्गावरच्या गाड्यांत उरलेल्या जागा तिथे दिसतात.