विषमज्वर-वाहकाचा शोध

विषमज्वर-वाहक म्हणजे विषमज्वराचे, अर्थात टायफॉइडचे, साल्मोनेला टायफी हे जिवाणू पित्ताशयात बाळगून, स्वतः आजारी न दिसता, ते मलावाटे बाहेर टाकणारी व्यक्ती. हे उत्सर्जन बारा महिन्यांहून अधिक टिकल्यास तिला चिरकारी वाहक म्हणतात. विषमज्वर झालेल्यांपैकी साधारण १ ते ५ टक्के लोक असे वाहक होतात. त्यांत स्त्रिया आणि पित्तखडे असलेल्या व्यक्ती अधिक आढळतात.

पहिला निरोगी वाहक कोणी शोधला, याविषयी मतभेद आहेत. स्वच्छता-अभियंते जॉर्ज सोपर यांनी १९०७ मध्ये न्यू यॉर्कमधील स्वयंपाकीण मेरी मॅलन हिचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि बहुधा तिथूनच हा इतिहास सुरू केला जातो. मात्र रोगातून उठलेली, धडधाकट दिसणारी माणसे संसर्ग पसरवतात, हे जिवाणुशास्त्रज्ञ रोबेर्ट कॉख यांनी जर्मनीत १९०२ च्या सुमारासच मांडले होते. त्यामुळे मॅलनचे प्राथम्य अमेरिकेपुरते मानणे अधिक योग्य दिसते.

वाहकापर्यंत पोहोचण्याची पहिली पायरी म्हणजे पदार्थनिहाय बाधादर, म्हणजेच अटॅक रेट: एखादा पदार्थ खाणाऱ्यांपैकी किती टक्के आजारी पडले, हे प्रमाण. कल्पित उदाहरण म्हणून इंदूरमधील एका मराठी घरच्या मुंजीची १२० पानांची पंगत घेऊ, जिच्यानंतर २६ जण आजारी पडले. त्यांतील २२ जणांनी पुरी खाल्ली होती, म्हणून संशय प्रथम पुरीवर जातो. पण पुरी तर १०० जणांनी खाल्ली होती. तिचा बाधादर २२ टक्के, आणि न खाणाऱ्या २० जणांत ४ आजारी, म्हणजे २० टक्के. हा फरक नगण्य आहे. श्रीखंड खाणाऱ्या ८० जणांत मात्र २४, म्हणजे ३० टक्के, आजारी पडले. न खाणाऱ्या ४० जणांत केवळ २, म्हणजे ५ टक्के. धोका सहापट ठरतो. पुरी उकळत्या तेलातून निघते, तर श्रीखंड हाताने फेटले जाते आणि पुन्हा तापवले जात नाही, ही बाबही या निष्कर्षाशी जुळते. तथापि तापवणे हे नेहमीच संरक्षण नसते: कॅलिफोर्नियातील हॅनफर्ड येथे १९१४ मध्ये एका वाहक स्त्रीने केलेल्या, भट्टीत भाजलेल्या स्पॅगेटीमुळे ९३ जणांना विषमज्वर झाला, कारण उष्णता पदार्थाच्या गाभ्यापर्यंत पोहोचली नव्हती.

विषमज्वराचा उबवणकाळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, बहुधा ८ ते १४ दिवसांचा, क्वचित त्याहून कमी वा अधिक असतो. त्यामुळे तपास सुरू होईपर्यंत अन्नाचा नमुना शिल्लक राहत नाही आणि पाहुण्यांना काय खाल्ले हे नीट आठवत नाही. शिवाय जिथे पाण्यातूनही हा रोग पसरतो, तिथे पंगतीशी संबंध नसलेले रुग्ण मोजणीत शिरतात.

यानंतर श्रीखंड हाताळणाऱ्यांची मलपरीक्षा करतात. मलातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे म्हणजे संवर्धन. उत्सर्जन अधूनमधूनच होत असल्याने एकच नकारात्मक संवर्धन कोणालाही निर्दोष ठरवत नाही. वेगवेगळ्या दिवशी किमान तीन नमुने घ्यावे लागतात. विडाल ही रक्तचाचणी येथे निरुपयोगी असते. व्ही-प्रतिपिंडांची, म्हणजे जिवाणूच्या बाह्य आवरणाविरुद्ध रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांची, चाचणी संशयित निवडण्यास उपयोगी पडते, परंतु व्ही-लस घेतलेल्यांत ती फसवी ठरते. आचाऱ्याच्या मलात जिवाणू सापडले, तरी त्याने स्वतः तेच श्रीखंड खाल्ले असल्यास तो उगम आहे की बळी, हे लगेच सांगता येत नाही. त्यासाठी त्याला ताप कधी आला होता ते विचारतात, जनुकक्रमाने त्याचे व रुग्णांचे जिवाणू एकाच वाणाचे आहेत का ते पाहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा संवर्धन करतात.